प्रोजेक्ट मध्येच बंद होतोय, हे टीमला कसं सांगायचं

पहिल्यांदा टीम लीड झालेल्या माणसाला रिलीज कसं करायचं, अप्रेझल कसं लिहायचं हे कोणी ना कोणी शिकवतं. चालू प्रोजेक्ट वरून बंद करण्यात आला आणि तो निरोप टीमपर्यंत न्यायचं काम आपल्याकडे आलं, तर काय करायचं हे मात्र तो दिवस उजाडल्यावरच कळतं. बहुतेक जण मग जुना एखादा मेल शोधतात, त्यातली नावं बदलतात आणि पाठवून देतात. मीही पहिल्या वेळी तेच केलं होतं. पुढचे दोन आठवडे मी त्या मेलचे अर्थ समजावत फिरत होतो.

हा लेख अशा वेळी हाताशी असावा म्हणून लिहितोय. सोयीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरतो. एक कंपनी आपली जुनी बिलिंग सिस्टीम टाकून नवी स्वतः बनवत होती. योजना चौदा महिन्यांची, नववा महिना चालू. टीममध्ये लीड सोडून नऊ जण, त्यातले सात कायम आणि दोन कॉन्ट्रॅक्टवरचे. मध्येच फायनान्स विभागाने हिशेबाचं तयार पॅकेज विकत घ्यायचं ठरवलं, आणि त्यात बिलिंग आयतंच होतं. शिवाय टीमचं उरलेलं काम योजनेनुसार पाच महिन्यांचं असायला हवं होतं, ते नव्या अंदाजात अकरा महिन्यांवर गेलं होतं. गुरुवारी ७ तारखेच्या आढावा बैठकीत प्रोजेक्ट बंद करायचा निर्णय झाला. लीडला तो शुक्रवारी कळला आणि टीमला मंगळवारी १२ तारखेला सांगायचं ठरलं.

लिहायला बसण्याआधी

निर्णय कळला की हात आपोआप कीबोर्डकडे जातो. तो आवरा. आधी निर्णय घेणाऱ्या माणसाकडून अर्धा तास मागून घ्या आणि उत्तरं समोर बसून लिहून घ्या. विचारायचं फार नसतं, पण जे विचारायचं त्यात धूसर उत्तर चालवून घ्यायचं नाही.

पहिलं म्हणजे, बंद की स्थगित? वरचे लोक 'सध्या थांबवू या' असं बोलतात, कारण बोलायला ते सोपं जातं. सरळ विचारा, 'सहा महिन्यांनी हाच प्रोजेक्ट, हीच टीम परत सुरू होण्याची खरी शक्यता आहे का?' उत्तर 'नाही' असेल तर तुमच्या मेलमध्ये 'बंद' हाच शब्द जाईल, हे तिथेच सांगून टाका.

दुसरं, खरं कारण काय आणि त्यातलं किती सांगता येईल? या दोन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्या लागतात. आपल्या उदाहरणात लीडला आधी फक्त पॅकेजचं कारण सांगण्यात आलं होतं. 'पाचाचे अकरा महिने झाले नसते, तर पॅकेज घेतलं असतं का?' असं विचारल्यावर उत्तर आलं, 'बहुधा नसतं.' म्हणजे कारणं दोन होती. दुसरं कारण अवघड होतं, पण टीमला ते आधीच माहीत होतं, कारण अकराचा अंदाज त्यांनीच काढून दिला होता.

तिसरं, प्रत्येक माणसाचं काय? नऊ नावांची यादी कागदावर घेऊन जा आणि प्रत्येक नावापुढे काहीतरी लिहून आणा. 'ठरलेलं नाही' हेही चालेल, पण मग ते कधी ठरणार आणि कोण ठरवणार हे पुढे लिहिलेलं हवं. एकाही नावापुढे काही लिहिता येत नसेल, तर घोषणा एक-दोन दिवस पुढे ढकलायला सांगा. त्याहून जास्त ढकलू नका. चार दिवसांपेक्षा जास्त काळ अशी बातमी बंद दाराआड राहिलेली मी तरी पाहिलेली नाही.

चौथं, हे अजून कोणाकोणाला माहीत आहे? हा प्रश्न लोक विसरतात, आणि सगळ्यात जास्त फजिती इथेच होते. माझ्या एका जुन्या कंपनीत टीमला सोमवारी सांगायचं ठरलं होतं, पण खर्च वाचवायचा म्हणून कोणीतरी सर्व्हर सांभाळणाऱ्यांना आदल्या गुरुवारीच विनंती टाकून ठेवली होती. शुक्रवारी सकाळी आमचा टेस्ट सर्व्हर बंद. टीममधली सगळ्यात नवी टेस्टर दोन तास बिघाड शोधत बसली. आपल्याच बदलामुळे काहीतरी मोडलं असं तिला वाटत होतं. शेवटी तिने सर्व्हरच्या लोकांना फोन केला, तेव्हा पलीकडून सहज उत्तर आलं, 'अहो, तुमचा प्रोजेक्ट बंद झालाय ना?' सोमवारच्या मीटिंगला सांगण्यासारखं काही उरलंच नाही. म्हणून सर्व्हर, लायसन्स, बजेटचा कोड, ऑफिसची प्रवेशपत्रं, जे काही आपोआप किंवा दुसऱ्या विभागाकडून बंद होणार असेल, त्या प्रत्येकाची तारीख घोषणेच्या नंतरची आहे ना, हे स्वतः तपासा.

एक मर्यादाही इथेच सांगतो. प्रोजेक्टबरोबर नोकऱ्याही जाणार असतील तर हा लेख पुरेसा नाही. नोटीस किती द्यायची, कोणाला आधी कळवायचं, काय लेखी द्यायचं याचे कायदे ठिकाणानुसार बदलतात. अशा वेळी मजकूर एचआर आणि कायद्याच्या माणसाच्या हाताखालून गेल्याशिवाय एक ओळही पाठवू नका. आणि धीर द्यायचा म्हणून 'कोणाचीही नोकरी जाणार नाही' असं बोलू नका. ते वाक्य तुमच्या अधिकारातलं नसतं.

कोणाला आधी

ज्याला जास्त झळ बसणार, त्याला आधी आणि एकट्याला. आपल्या उदाहरणात असे तिघे होते. दोघे कॉन्ट्रॅक्टवरचे, ज्यांचं काम महिनाअखेरीस संपणार होतं, आणि एक टेस्टर, जिचं पुढचं काम ठरलेलं नव्हतं. या तिघांना भरल्या मीटिंगमध्ये इतरांसमोर हे कळणं बरं दिसत नाही. त्यांना सगळ्यांसमोर चेहरा सांभाळत बसावं लागतं.

पण एकेकट्याला सांगणं आणि सगळ्यांना सांगणं यात फार अंतर पडलं, तर मधल्या वेळात कुजबुज सुरू होते. म्हणून सगळं एकाच सकाळी उरकायचं. त्या मंगळवारचं वेळापत्रक असं होतं: साडेनऊ ते सव्वादहा तिघांशी प्रत्येकी पंधरा मिनिटं, साडेदहाला सगळ्या टीमची मीटिंग, अकराला मेल, आणि सव्वाअकराला इतर विभागांना वेगळा, छोटा मेल. टीममधला एक जण रजेवर होता, त्याला सव्वादहाला फोन केला. रजेवर असलेल्या माणसाला त्रास कशाला, असं वाटतं खरं. पण अकरा वाजता त्याला सहकाऱ्याचा 'कळलं का?' असा मेसेज जाणारच असतो.

मीटिंगचं आमंत्रण आदल्या दिवशी पाठवू नका. 'महत्त्वाची चर्चा, सर्वांनी उपस्थित राहावे' असं कॅलेंडरवर संध्याकाळी सहा वाजता दिसलं, तर त्या रात्री कोणी नीट झोपत नाही. त्याच सकाळी, अर्धा-पाऊण तास आधी, 'बिलिंग प्रोजेक्टबाबत निर्णय' अशा साध्या नावाने पाठवा. शुक्रवार दुपार टाळा. लोकांना प्रश्न सुचतात ते दोन-तीन तासांनी, आणि तेव्हा विचारायला तुम्ही समोर असायला हवं.

मजकूर: पहिली ओळ आणि कर्ता

आधी तो जुना मेल बघू, जो नावं बदलून पाठवला जातो.

> 'सर्वांना कळविण्यात येते की, बदलत्या व्यावसायिक प्राधान्यक्रमांच्या अनुषंगाने विविध प्रकल्पांचा आढावा घेण्यात आला असून, बिलिंग प्रकल्प तूर्तास स्थगित करण्याचा निर्णय घेण्यात आला आहे. आपण सर्वांनी घेतलेल्या परिश्रमांबद्दल व्यवस्थापन आपले ऋणी आहे. पुढील जबाबदाऱ्यांबाबत यथावकाश कळविण्यात येईल.'

व्याकरण बिनचूक आहे, पण एकाही वाक्यात माणूस नाही. 'कळविण्यात येते', 'घेण्यात आला', 'कळविण्यात येईल': निर्णय कोणी घेतला, कळवणार कोण, काहीच कळत नाही. आपल्या सरकारी मराठीने ही सोय करून ठेवली आहे आणि वाईट बातमीच्या वेळी ती फार मोहात पाडते. वाचणारा मात्र लगेच ओळखतो की इथे कोणीतरी लपतंय.

'तूर्तास स्थगित' हा त्याहून मोठा घोळ. हे दोन शब्द वाचून टीममधले तिघे-चौघे मनातल्या मनात प्रोजेक्ट जिवंत ठेवतात. कोणी संध्याकाळी कोड थोडा पुढे नेतं, कोणी दुसऱ्या टीमकडे जायला टाळाटाळ करतं. 'तूर्तास', 'सध्या तरी', 'काही काळासाठी' हे शब्द फक्त खरंच तसं असेल तेव्हाच वापरायचे, आणि तेव्हाही पुन्हा विचार कोणत्या महिन्यात होणार ते लिहून.

मग 'आपण' या शब्दाचं काय? मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत, आणि या मेलमध्ये हा फरक फार बोलतो. 'आपण हा प्रोजेक्ट बंद करायचं ठरवलं आहे' असं लिहिलंत तर ज्यांना काल रात्रीपर्यंत पत्ता नव्हता, त्यांनाही निर्णयात ओढल्यासारखं होतं. 'आम्ही ठरवलं आहे' लिहिलंत तर तुम्ही टीमच्या बाहेर, वरच्यांच्या बाजूला जाऊन उभे राहता. आणि 'त्यांनी ठरवलं' म्हणालात तर तुम्ही हात झटकले असं दिसतं. माझा नियम साधा आहे. निर्णयाचा कर्ता 'कंपनी' किंवा ज्या बैठकीत तो झाला ती बैठक. केलेलं काम आणि पुढची आवराआवर यांचा कर्ता 'आपण'. जिथे मी स्वतः काही करणार आहे, तिथे स्पष्ट 'मी'.

पहिल्याच ओळीत निर्णय हवा. पार्श्वभूमी, बाजार, प्राधान्यक्रम हे सगळं वर ठेवलं की वाचणारा ते वाचतच नाही. त्याची नजर 'पण' किंवा 'मात्र' शोधत खाली धावते.

कारणाचा परिच्छेद

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण टीम या परिच्छेदाची परीक्षा घेते. तिच्याकडे स्वतःची माहिती असते. कोणती तारीख हुकली, कोणत्या मीटिंगनंतर साहेब गप्प होते, बजेटची कोणती मागणी परत आली, हे सगळं तिला आठवतं. तुमचं कारण या माहितीशी जुळलं नाही तर गोष्ट तिथेच थांबत नाही. पुढच्या परिच्छेदातल्या 'चौघांना नवं काम मिळणार आहे' यावरही मग कोणी विश्वास ठेवत नाही.

कारणं नीट सांगण्याने किती फरक पडतो, याचा एक जुना आणि गाजलेला अभ्यास आहे. जेराल्ड ग्रीनबर्ग या अमेरिकन संशोधकाने १९९० मध्ये तो प्रसिद्ध केला. एका कंपनीने दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात केली होती. एका ठिकाणी कारणं सविस्तर, आकड्यांसकट आणि मनापासून दिलगिरी दाखवत सांगितली. दुसरीकडे थोडक्यात उरकलं. कपात तेवढीच, पण जिथे थोडक्यात उरकलं तिथे कारखान्यातल्या चोऱ्या बऱ्याच जास्त वाढल्या. पगारकपात आणि प्रोजेक्ट बंद होणं एक नव्हे, हे मान्य. तरी तोटा समजावून सांगण्याची पद्धत लोकांच्या वागण्यात उतरते, एवढं त्यातून घेता येतं.

कारणं बहुधा तीन जातींची असतात. गरज संपली, गणित बदललं, किंवा काम अपेक्षेप्रमाणे होत नव्हतं. पहिल्या दोन सांगायला सोप्या. तिसरी असेल तर लोक तिला पहिल्या दोनच्या मागे लपवतात. आपल्या उदाहरणात 'कंपनीने पॅकेज घेतलं' एवढंच सांगून भागलं असतं असं वाटतं. पण अकरा महिन्यांचा आकडा ज्यांनी स्वतः काढला, त्यांच्यासमोर तो गाळला तर त्यांचा समज पक्का होतो की ठपका आपल्यावरच आहे आणि तोंडावर बोलायची हिंमत कोणाला नाही. त्यापेक्षा आकडा लिहा आणि तो का वाढला तेही लिहा. इथे जुन्या सिस्टीममध्ये सवलती चार वेगवेगळ्या पद्धतींनी नोंदवल्या होत्या, आणि हे सातव्या महिन्यात जुना डेटा नव्या रचनेत आणायला घेतल्यावर उघड झालं. ही खरी गोष्ट आहे, कोणा एकाचं नाव न घेता सांगता येते, आणि ती सांगितल्यावर कोणाला रात्री स्वतःला कोसत बसावं लागत नाही.

ॲपलने २०१७ मध्ये एअरपॉवर नावाचं चार्जिंगचं मॅट जाहीर केलं आणि मार्च २०१९ मध्ये तो प्रोजेक्ट रद्द केला. बाहेरच्यांना सांगितलेलं कारण थोडक्यात एवढंच होतं की वस्तू आमच्या दर्जाला उतरणार नाही. ग्राहकांसाठी ते चांगलं निवेदन होतं. लहान, स्पष्ट, सोबत दिलगिरी. पण असाच मजकूर आपल्या टीमला पाठवू नका. ग्राहकाला वस्तू मिळणार की नाही एवढंच हवं असतं. टीमला मात्र नेमकं कशात कमी पडलं हे हवं असतं.

कधी खरं कारण सांगताच येत नाही. कंपनी विकली जाण्याची बोलणी चालू असतील, एखादा करार सही व्हायचा असेल. अशा वेळी पर्यायी कारण तयार करू नका. 'निर्णयामागे एक कारण असं आहे जे मला आज सांगता येत नाही. तुमच्या कामाच्या दर्जाशी त्याचा संबंध नाही' एवढं लिहा, आणि दुसरं वाक्य खरं असेल तरच लिहा.

तर मेल असा झाला

> विषय: बिलिंग प्रोजेक्ट बंद होत आहे: कारणं आणि पुढची कामं
>
> नमस्कार,
>
> नव्या बिलिंग सिस्टीमचा प्रोजेक्ट कंपनीने बंद केला आहे. हा निर्णय गुरुवारी, ७ तारखेच्या आढावा बैठकीत झाला आणि तो अंतिम आहे. मला तो शुक्रवारी कळला. प्रत्येकाच्या पुढच्या कामाबद्दल काही ठोस हातात येईपर्यंत मी थांबलो, म्हणून आज सांगतो आहे.
>
> कारणं दोन आहेत. फायनान्स विभाग हिशेबाचं तयार पॅकेज घेत आहे आणि बिलिंग त्यात येतं. दुसरं, आपलं उरलेलं काम पाच महिन्यांवरून अकरा महिन्यांवर गेलं होतं. जुन्या सिस्टीममध्ये सवलती चार पद्धतींनी नोंदवलेल्या आहेत हे आपल्याला सातव्या महिन्यात कळलं, त्यामुळे अंदाज वाढला. तो अंदाज बरोबर होता आणि तो वेळेवर वर सांगणंही बरोबर होतं. सुरुवातीच्या योजनेत जुन्या डेटाची तपासणी धरलेली नव्हती, ती योजना मी केली होती.
>
> पुढे कोणी काय करायचं: चौघे सोमवारी, २५ तारखेपासून ग्राहक पोर्टलच्या टीममध्ये जातील. दोघे जुना डेटा नव्या पॅकेजमध्ये नेण्याच्या कामावर राहतील. एका व्यक्तीचं काम अजून ठरलेलं नाही, ते बुधवारी, २० तारखेपर्यंत कळेल. कॉन्ट्रॅक्टवरच्या दोघांचं काम महिनाअखेरीस संपेल. या सगळ्यांशी मी बोललो आहे.
>
> आजपासून नवं काम थांबवा. चालू बदल आहे त्या स्थितीत जमा करा, अर्धवट असतील तर तसं लिहा. शुक्रवारी, २२ तारखेपर्यंत आपण तीन गोष्टी पुऱ्या करू: कोड शेवटच्या चालू स्थितीत जपून ठेवणं, सवलतींच्या चार पद्धतींची नोंद लिहून काढणं, आणि लायसन्स व सर्व्हर यांची यादी करून बंद करणं. कोणाकडे काय ते सोबतच्या यादीत आहे.
>
> नव्या पॅकेजचं काम नक्की कधी सुरू होणार हे मला अजून माहीत नाही. शुक्रवारी, १५ तारखेला जेवढं कळेल तेवढं लिहीन. काहीच कळलं नाही तर तेही लिहीन.
>
> आज दुपारी दोन ते पाच मी कोणालाही भेटायला मोकळा आहे.

मेलमधली एक गोष्ट उचलून दाखवतो. 'ती योजना मी केली होती' हे वाक्य या लीडने नंतर घातलं. त्याआधी तिथे 'योजनेत त्रुटी होती' असं होतं, आणि वाचणाऱ्याला ती त्रुटी कोणाची हे शोधावं लागलं असतं. चूक तुमची नसेल तर असं वाक्य खोटं लिहू नका. असेल तर लिहिलेलं बरं, कारण टीमला ते माहीत असतंच.

आभाराचा परिच्छेद नाही हेही लक्षात आलं असेल. तो मुद्दाम ठेवलेला नाही. सामूहिक आभार या मेलमध्ये निरोपाच्या हारासारखे दिसतात. आभार प्रत्येकाला वेगळे, त्याने नेमकं काय केलं ते सांगून मानायचे, आणि त्याला पुढच्या आठवड्यात भरपूर वेळ असतो.

मीटिंग

वीस मिनिटं पुरतात. पहिले दोन परिच्छेद जवळपास वाचूनच दाखवा. अशा वेळी आठवून बोलायला गेलं की नको ती विशेषणं येतात. मग थांबा. खोलीत शांतता पसरते आणि ती भरून काढायचा मोह होतो. दहा-पंधरा सेकंद काहीच बोलू नका, कोणीतरी पहिला प्रश्न विचारेलच.

प्रश्नांना तीनच उत्तरं चालतात: जे माहीत आहे ते, 'माहीत नाही, अमुक दिवशी सांगतो', किंवा 'माहीत आहे पण सांगता येत नाही'. चौथं, म्हणजे अंदाज, देऊ नका. तुमचा अंदाज दुपारपर्यंत आश्वासन होऊन फिरत असतो.

एक प्रश्न हमखास येतो, 'तुम्हाला कधी कळलं?' तो विचारणारा तारीख मोजत नसतो. गेल्या तीन दिवसांत तुम्ही त्याला रात्री बसून काम करायला लावलंत का, हे तो बघत असतो. म्हणून निर्णय कळल्यापासून घोषणेपर्यंत कोणालाही जादा वेळ बसवू नका, रजा रद्द करायला लावू नका. आपल्या उदाहरणात एकाने शनिवारी येतो असं स्वतःहून म्हटलं होतं. लीडने 'या शनिवारी नको' एवढंच उत्तर दिलं, आणि मंगळवारी त्या माणसाने मान हलवून ते ओळखल्याचं दाखवलं.

निर्णय तुम्हाला पटलेला नसेल तर? विचारलं तर 'मी वेगळं मत मांडलं होतं, निर्णय असा झाला, आणि तो अमलात आणायचं काम माझं आहे' इतकं पुरे. त्यापुढे वाद रंगवलात तर टीमला वाटतं की अजून काही होऊ शकतं.

प्रोजेक्टमधून काय शिकलो ही चर्चा त्याच मीटिंगमध्ये घेऊ नका. लोक ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतात, आणि चर्चा पाच मिनिटांत कोणाच्या चुकीवर येऊन थांबते. आठ-दहा दिवसांनी, पण टीम पांगायच्या आत घ्या. आपल्या उदाहरणात ती गुरुवारी, २१ तारखेला झाली.

पुढचे दोन आठवडे

आवराआवरीला शेवटची तारीख हवी आणि ती जवळची हवी. दोन आठवडे हे माझ्या अनुभवात बरं माप आहे. जास्त ठेवलेत तर लोक निम्मे इथे आणि निम्मे तिथे अडकतात, कमी ठेवलेत तर कामाची नोंद अर्धवट राहते. आधी काय थांबवायचं ते सांगा, मग काय पुरं करायचं ते. उलट क्रमाने सांगितलं की लोक 'एवढं संपवून टाकतो' म्हणत सगळंच चालू ठेवतात.

काय जपायचं हे निवडताना एकच विचार करा. एक वर्षाने कोणी हाच प्रश्न पुन्हा सोडवायला बसलं तर त्याला काय नव्याने शोधावं लागू नये? बिलिंगच्या उदाहरणात कोडपेक्षाही सवलतींच्या चार पद्धतींची नोंद महत्त्वाची होती. नऊ महिन्यांत मिळवलेलं, दुसरीकडे कुठेच न लिहिलेलं ज्ञान तेच होतं, आणि पॅकेजमध्ये डेटा नेणाऱ्या दोघांना पहिल्याच आठवड्यात ते लागलं. लायसन्सच्या यादीत आपोआप नूतनीकरण होणारी कोणती, हे वेगळं बघा. टीम पांगल्यावर त्यांची बिलं कोणाच्या नावावर येतात हे शोधण्यात फार वेळ जातो.

आणखी एक काम कोणी सांगत नाही. त्याच आठवड्यात प्रत्येक माणसाबद्दल दहा-बारा ओळी लिहून ठेवा: त्याने काय बांधलं, कुठे अडकलेलं सोडवलं, कधीपासून कधीपर्यंत. प्रोजेक्ट बंद झाला की त्याची पानं, बोर्ड, तिकिटं हळूहळू कुलूपबंद होतात. सहा महिन्यांनी अप्रेझलच्या वेळी नव्या टीमचा लीड विचारतो, 'आधीचे नऊ महिने हा काय करत होता?' तेव्हा दाखवायला काही नसतं. कॉन्ट्रॅक्टवरच्या दोघांना तर या ओळी शेवटच्या दिवसाआधीच हातात द्या, त्यांना त्या पुढच्या कामासाठी लागतात.

घोषणा नीट पोहोचली की नाही हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळतं. कोणी 'परत कधी सुरू होणार?' विचारत असेल किंवा कोडमध्ये नवे बदल येत असतील, तर मेलमध्ये कुठेतरी दार किलकिलं राहिलंय. त्या माणसाशी बोला आणि 'बंद' हा शब्द पुन्हा तोंडाने म्हणा. कोणी काहीच विचारत नसेल आणि जेवणाच्या टेबलावर तुम्ही आलात की विषय बदलत असेल, तर बहुतेक कारण पटलेलं नाही. अशा वेळी दुसरा मेल पाठवू नका. टीममध्ये ज्याचं ऐकलं जातं अशा एखाद्याला बाजूला घेऊन विचारा की लोक खरं कारण काय मानताहेत. ऐकून घ्या, तिथेच खोडायला जाऊ नका. शुक्रवारच्या मेलमध्ये त्यातल्या खऱ्या भागाचं उत्तर द्या.

शुक्रवारचा तो मेल चुकवू नका. सांगण्यासारखं काही नसलं तरी 'आज काही नवीन कळलेलं नाही, पुढचं मंगळवारी' एवढं गेलं पाहिजे.

आणि कॅलेंडर बघा. बिलिंगच्या टीमची रोज पावणेदहाची स्टँड-अप होती, ती काढायची सगळेच विसरले. टीम पांगून तीन आठवडे झाले तरी रोज सकाळी साडेनऊनंतर सगळ्यांच्या स्क्रीनवर तिची आठवण वाजत होती. ती लीडच्या नावावर होती, त्यामुळे दुसऱ्या कोणाला ती काढताही येत नव्हती.